विश्लेषण : जखमी कामगाराच्या घरी जाणाऱ्या पत्रात काय असावे, काय नसावे?

माजिवडा नाक्यावरून घोडबंदरकडे वळले की दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहताना दिसतात. त्यांच्या परांचीवर आणि लिफ्टच्या खांबावर काम करणाऱ्यांची घरे मात्र बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशात किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीत असतात. काम करताना कोणी गंभीर जखमी झाला, तर घरच्यांना पहिली बातमी कळते ती सोबतच्या मजुराच्या फोनवरून. मालकाचे पत्र उशिरा येते, अनेकदा येतच नाही. आले तर त्यात सांत्वनाची दोन वाक्ये आणि ‘आवश्यक ती मदत केली जाईल’ एवढेच असते. वास्तविक हाच कागद पुढे कामगाराच्या भरपाईचा पहिला पुरावा ठरू शकतो. तो कसा असावा, याचा हा आढावा.

पहिल्या दिवशी नेमके काय माहीत असते?

10 सप्टेंबर 2023 रोजी, रविवारी संध्याकाळी, माजिवड्याला लागून असलेल्या बाळकुममध्ये 40 मजली इमारतीची बांधकाम-लिफ्ट कोसळली. गच्चीवरचे जलरोधक काम आटोपून मजूर खाली येत होते. सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा सहा होता, नंतर तो सात झाला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर उभारणारे यंत्र कोसळले. तेथे आकडा दिवसभर वाढत गेला आणि 20 वर थांबला. डोंबिवली एमआयडीसीत 23 मे 2024 रोजी झालेल्या स्फोटानंतर तर मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीची वेळ आली.

तिन्ही घटनांतून एकच गोष्ट दिसते. पहिल्या काही तासांत कोण कुठे आहे, कोणाची प्रकृती कशी आहे आणि हे का घडले, यांपैकी बरेच काही कच्चे असते. काही गोष्टी मात्र त्याच क्षणी पक्क्या असतात. कामगार कोणाच्या कामावर होता, कधीपासून होता, त्याला मजुरी किती मिळत होती, त्या वेळी त्याला कोणते काम दिले होते आणि कोणत्या रुग्णालयात नेले, हे मालकाच्या हजेरीपटावर आणि मुकादमाच्या वहीत असते. चांगले पत्र या दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या ठेवते. जे पक्के आहे ते स्पष्ट लिहिते आणि जे कच्चे आहे ते कच्चे म्हणूनच सांगते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे नेमके उलटे करतात. मजुरी आणि हजेरीबद्दल ती गप्प राहतात आणि अपघाताच्या कारणाबद्दल छातीठोक बोलतात.

असे पत्र लिहिण्याची कायद्याने सक्ती आहे का?

कुटुंबाला पाठवायच्या पत्राचा ठरावीक नमुना कायद्यात नाही. कायदा मालकाकडून सरकारी यंत्रणेला सूचना मागतो. ‘गंभीर शारीरिक इजा’ म्हणजे काय, याची व्याख्याही त्यात आहे. अवयव कायमचा निकामी होणे किंवा तशी दाट शक्यता असणे, दृष्टी वा श्रवणशक्ती कायमची जाणे, हातापायाचे हाड मोडणे, किंवा वीस दिवसांपेक्षा जास्त काळ कामावर येता न येणे, यांपैकी काहीही झाले तरी इजा गंभीर ठरते. म्हणजे पाय मोडून प्लास्टर घातलेला मजूरही कायद्याच्या लेखी गंभीर जखमीच असतो, मग मुकादम त्याला ‘किरकोळ लागले’ असे म्हणत असला तरी.

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात 2017 मध्ये एक तरतूद वाढवण्यात आली. कामगाराला कामावर घेतानाच त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत, लेखी देणे मालकावर बंधनकारक झाले. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. भरपाईची मूळ चौकट मात्र बदललेली नाही. हक्काची माहिती जर कामावर घेतानाच द्यायची आहे, तर कामगार अतिदक्षता विभागात असताना ती त्याच्या पत्नीला किंवा वडिलांना न देण्याला कोणते कारण उरते? पत्राची सक्ती नसली तरी त्याची जबाबदारी येथूनच येते.

पत्र दिले म्हणजे चूक कबूल केली, असे होते का?

मालक गप्प राहतात ते बहुधा याच भीतीपोटी. पोलीस चौकशी सुरू असताना काही लिहून देऊ नका, असा सल्ला त्यांना मिळतो. दोषाच्या कबुलीबाबत तो सल्ला बरोबर आहे, पण तो भरपाईलाही लावला जातो आणि तेथे तो फसतो. या कायद्यातील भरपाई दोषावर अवलंबून नाही. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरते. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज कामगाराला नसते. त्यामुळे ‘ते आमच्या कामावर होते’ हे वाक्य गुन्ह्याची कबुली ठरत नाही. ती केवळ हजेरीची नोंद आहे.

यातली दुसरी बाजूही मालकांनी समजून घ्यायला हवी. कामगार दारूच्या अंमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले, असे बचाव कायद्यात आहेत. पण मृत्यू झाला किंवा पूर्ण व कायमचे अपंगत्व आले, तर हे बचाव चालत नाहीत. साधा निष्काळजीपणा तर बचाव म्हणून कधीच पुरेसा नसतो. म्हणजे ‘हेल्मेट न घालता वर चढल्याने अपघात घडला’ असे पहिल्या दिवशी लिहून मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. चौकशीत हेल्मेट दिलेच नव्हते असे निघाले, तर तेच पत्र त्याच्यावर उलटते.

टाळाटाळ कशी महागात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालातून दिसते. चित्रपटगृहाच्या इमारतीत नक्षीकाम करणारा एक सुतार काम करताना पडला आणि त्याचा डावा हात गेला. मालकाने ना भरपाई दिली, ना जबाबदारी ठरेपर्यंतची तात्पुरती रक्कम. सुताराचे काम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली, असे आयुक्तांनी धरले आणि ते न्यायालयात टिकले. भरपाई देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, आयुक्तांच्या निकालाची वाट पाहायची नसते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. व्याज आणि दंडही कायम राहिला.

पत्रात काय लिहावे?

पत्र फोननंतरचे असावे. गंभीर बातमी आधी माणसाच्या आवाजात कळावी आणि त्याच दिवशी ती कागदावर यावी. भाषा घरच्यांची हवी. गावाकडे हिंदी वाचली जात असेल तर हिंदी, मराठी घर असेल तर मराठी. माजिवड्यातील एखाद्या बांधकामावर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून मजूर पडला, असे उदाहरण धरले तर त्याच्या पत्नीला जाणारे पत्र साधारण असे असेल :

‘श्रीमती ____ यांस नमस्कार. आज सकाळी आमच्या व्यवस्थापकांनी आपल्याशी फोनवर जे बोलणे केले, ते लेखी कळवत आहोत. आपले पती श्री. ____ हे माजिवडा येथील आमच्या बांधकामावर ____ तारखेपासून गवंडीकाम करत आहेत. त्यांची मजुरी दिवसाला 700 रुपये असून महिन्याला सरासरी 26 दिवसांचे काम होते. आज सकाळी साडेदहाच्या सुमारास, कामावर असताना, ते तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली पडले. त्यांना अकरा वाजता ____ रुग्णालयात दाखल केले.

दुपारी चार वाजता डॉक्टरांनी दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या डोक्याला मार लागला आहे आणि उजव्या पायाचे हाड मोडले आहे. ते अतिदक्षता विभागात असून त्यांची प्रकृती गंभीर आहे. पुढे काय होईल हे आज सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आपण स्वतः डॉक्टरांशी बोलावे, त्यासाठी विभागाचा दूरध्वनी क्रमांक खाली दिला आहे.

ते कशामुळे पडले, हे अजून निश्चित झालेले नाही. पोलिसांना आणि संबंधित कार्यालयाला आम्ही कळवले आहे. चौकशीत जे समोर येईल ते आपल्याला लेखी कळवू.

उपचाराचा खर्च आम्ही करत आहोत. आपण व आणखी एका नातेवाईकाने यावे, तिकिटाची आणि ठाण्यात राहण्याची सोय केली आहे. कायद्यानुसार मिळणारी भरपाई हा आपल्या पतीचा हक्क आहे आणि आम्ही करत असलेली ही सोय त्यातून वजा होणार नाही. आमच्याकडून श्री. ____ आपल्याशी रोज संध्याकाळी सहा वाजता बोलतील. पुढचे लेखी पत्र शुक्रवारी पाठवू.’

या पत्रात मोठे शब्द नाहीत. प्रत्येक माहितीला वेळ आणि स्रोत जोडला आहे. ‘दुपारी चार वाजता डॉक्टरांनी सांगितले’ असे लिहिले की रात्री प्रकृती बदलली तरी पत्र खोटे ठरत नाही. ‘प्रकृती स्थिर आहे, काळजी नसावी’ असे लिहून दुसऱ्या दिवशी वाईट बातमी द्यावी लागली, तर त्यानंतरच्या एकाही शब्दावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. पुढचा संपर्क कधी आणि कोण करणार, हे लिहिल्याने मुकादम, ठेकेदार आणि कार्यालय यांच्यातली नातेवाइकांची धावपळ थांबते.

काय लिहू नये?

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे कारणाचा निष्कर्ष. ‘दुर्दैवाने तोल गेल्याने’ ही शब्दरचना सौम्य वाटते, पण तीही निष्कर्षच काढते. परांची हलली, फळी मोडली की तोल गेला, हे तपासाशिवाय कळत नाही. ‘पडले’ एवढेच पक्के असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वैद्यकीय अंदाज. पाय वाचेल का, तो पुन्हा कामावर जाईल का, हे व्यवस्थापकाने सांगायचे नसते. दाखल्यावर नसलेले काहीही पत्रात नसावे. अपघाताची छायाचित्रे किंवा क्ष-किरण तपासणीचे चित्र व्हॉट्सअॅपवरून गावच्या ग्रुपमध्ये पाठवण्याचे प्रकार होतात. पत्नीला नवऱ्याची अवस्था शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहायला लागावी, यासारखा दुसरा आघात नाही.

तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे पत्रासोबत येणारी ‘पोच’. ‘रक्कम मिळाली, यापुढे आमची कोणतीही तक्रार अथवा मागणी नाही’ अशा ओळीखाली सही किंवा अंगठा घेतला जातो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक ठरतो. तरीही गावाहून आलेला बाप तो कागद पाहून सगळे संपले असे समजतो आणि परत जातो. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किंमत नाही, पण तो घरच्यांना दाव्यापासून दूर ठेवतो.

मजुरीचा आकडा इतका महत्त्वाचा का?

भरपाईचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा राहतो. आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे कामगाराची ईएसआयमध्ये नोंद आहे का. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. नोंद असेल तर उपचार आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या 90 टक्के रक्कम ईएसआय देते आणि मालकाकडून भरपाई मागण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून पत्रात विमा क्रमांक हवा, किंवा नोंद नाही असे स्पष्ट वाक्य हवे.

ईएसआय लागू नसेल तर हिशेब असा होतो. वरच्या उदाहरणातील मजुराची कमाई 700 गुणिले 26, म्हणजे 18,200 रुपये आहे. हिशेबासाठी महिन्याचे वेतन कमाल 15,000 रुपये धरले जाते. ही मर्यादा जानेवारी 2020 मध्ये 8,000 वरून वाढवण्यात आली. तो घरी पडून असेल त्या काळात दर पंधरवड्याला 25 टक्के, म्हणजे 3,750 रुपये मिळतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय 30 असेल तर गुणक 207.98 आहे. 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820 रुपये होतात. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितकी टक्के घटली तितका हिस्सा मिळतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तो या रकमेतून कापता येत नाही.

आता मालकाने मजुरी दिवसाला 350 रुपये दाखवली, तर हिशेबाचे वेतन 9,100 वर येते आणि तीच भरपाई साधारण सव्वाअकरा लाखांवर उतरते. फरक साडेसात लाखांच्या आसपास. रोख मजुरी घेणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. पहिल्या दिवसाच्या पत्रातील ‘दिवसाला 700 रुपये’ हे तीन शब्द म्हणूनच सांत्वनाच्या पानभर मजकुरापेक्षा मोलाचे ठरतात.

पत्रावर सही कोणाची हवी?

घोडबंदर पट्ट्यातील कोणत्याही बांधकामावर विकासक, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि मजूर पुरवणारा मुकादम अशी साखळी असते. अपघात झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. कायदा येथे कामगाराच्या बाजूने आहे. ज्याच्या कामासाठी आणि ज्याच्या जागेवर कंत्राटदारामार्फत मजूर लावले, त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते; त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणून पत्र मुकादमाच्या वहीच्या पानावर येऊ नये. ते मुख्य कंत्राटदाराच्या किंवा विकासकाच्या लेटरहेडवर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह यावे आणि साखळीतल्या प्रत्येकाचे नाव त्यात असावे. नाव नसेल तर कुटुंबाला दावा कोणावर करायचा हेच शोधण्यात महिने जातात.

पत्र हाती आल्यावर घरच्यांनी काय करावे?

तारीख, वेळ, जागा, मजुरी आणि सही या पाच गोष्टी आहेत का, ते पाहावे. काही चुकीचे असेल तर त्याच दिवशी लेखी, निदान मोबाइलवरील संदेशातून, दुरुस्ती मागावी. सोबतच्या दोन मजुरांची नावे आणि मूळ गावाचे पत्ते घ्यावेत, कारण बांधकाम संपले की साक्षीदार दुसऱ्या शहरात गेलेले असतात. रुग्णालयाने केलेल्या पोलीस नोंदीचा क्रमांक आणि दाखल करतानाच्या कागदाची प्रत ठेवावी. त्या कागदावर ‘घरी पडले’ असे लिहिले गेले नाही ना, हे मुद्दाम तपासावे. घाईत किंवा कोणाच्या सांगण्यावरून असे होते आणि पुढे तोच कागद दाव्याच्या आड येतो.

एका महिन्यात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. मालकाला पूर्ण रक्कम मान्य नसेल, तरी जेवढी मान्य आहे तेवढी तात्पुरती द्यावीच लागते. दाव्यासाठी प्रत्येक वेळी ठाण्याला येण्याचीही गरज नाही. कामगार किंवा त्याचे अवलंबित जेथे राहतात, तेथील आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. पलामू किंवा परभणीतील कुटुंबासाठी ही तरतूद मोठी आहे, पण ती त्यांना सांगणारे कोणी नसते. मालकाच्या पत्रात ही एक ओळ असायला हरकत नाही.

उशिरा आलेल्या किंवा गोलमाल पत्राची किंमत कुटुंब वर्षानुवर्षे मोजते. मालकासाठी मात्र हे पत्र लिहिणे म्हणजे हजेरीपट, मजुरीची वही आणि रुग्णालयाचा कागद समोर ठेवून केलेले तासाभराचे काम. त्या तासात लपवाछपवी करायची की नोंद, हे सही करणाऱ्यालाच ठरवायचे असते. जखमी मजूर शुद्धीवर नसतो, आपण कोणाच्या कामावर होतो हे तो सांगू शकत नाही. ते सांगणारा पहिला कागद मालकाकडूनच यायला हवा.